समुद्रावरून न परतलेल्या माणसाच्या घरी कोणता शब्द लिहायचा?

फळा_आणि_खडू
आमचं गाव दापोली तालुक्यात, बंदराला लागून. गावच्या वाचनालयाचं काम मी बघतो. अक्षर बरं आहे म्हणून मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावरचे निरोपही माझ्याच हातचे असतात. आजवर 'दुःखद निधन' कितीतरी वेळा लिहिलं, हात कधी अडला नाही.

या वेळी अडलाय. ऑगस्ट संपता संपता परतीच्या वाटेवर एक होडी वाऱ्यात सापडून उलटली. पाच जणांना मागून येणाऱ्या होडीने उचललं. सहावा सापडला नाही. वय ३४, घरी बायको, आई आणि पहिलीतली मुलगी. आज अकरावा दिवस. सोसायटीने घरी द्यायला पत्र लिहून मागितलं, ते मी असं लिहिलं:

'आपले पती कै. … यांच्या दुःखद निधनाबद्दल संस्थेस तीव्र खेद होत असून सर्व सभासद आपल्या दुःखात सहभागी आहेत.'

लिहून झाल्यावर वाचलं आणि ते पाकिटात घालवेना. 'खेद' हलका वाटतो. 'शोक' लिहू का? की 'आम्ही व्यथित आहोत'? उदास, खिन्न, दुःखी, विषण्ण, शोकाकुल एवढे शब्द आहेत आपल्याकडे. कुठला किती वजनाचा, आणि इथे कोणता बसेल? पत्र सोमवारी द्यायचं आहे.

डीटीपी_दादा
माझं फ्लेक्सचं दुकान आहे, रोज दोन-तीन श्रद्धांजलीचे बोर्ड निघतात. सरळ 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि 'शोकाकुल : समस्त ग्रामस्थ' करा. सगळ्यांना चालतं. शब्दाचं वजन कोणी मोजत नाही हो, फोटो नीट आला की झालं. फक्त एक सांभाळा, जुनी फाइल उघडून नाव बदलू नका. आमच्याकडे एकदा वाढदिवसाची फाइल राहिली होती आणि 'हार्दिक श्रद्धांजली' छापून गेलं. घरच्यांनी पाहायच्या आत मी स्वतः शिडी लावून उतरवलं.

सह्याद्रीचा_पायथा
खेद नको, 'विषाद' लिहा. मुळात संस्कृत शब्द जड असतात आणि विषाद त्यात सगळ्यात जड. त्यात 'विष' आहे, म्हणजे मनात विषासारखं भिनलेलं दुःख. गीतेचा पहिला अध्याय उगाच अर्जुनविषादयोग नाही.

निवृत्त_मास्तर
सह्याद्री, अर्धं बरोबर आहे तुमचं. विषाद जड आहे खरा, पण त्यात विष नाही. मूळ धातू सद्, म्हणजे बसणं, खाली जाणं. विषाद आणि विषण्ण दोन्ही तिथूनच आले. मन गाळात रुतलेल्या होडीसारखं खाली बसतं, तो विषाद. अर्जुन रडतो म्हणून तो विषाद होत नाही. धनुष्य खाली ठेवून रथात बसून राहतो, त्याच्या हातून पुढचं काही होत नाही, म्हणून होतो. आणि तिथे अजून कोणी मेलेलंही नसतं, हे लक्षात घ्या.

संस्कृत म्हणून जड, हे मात्र मुळीच धरू नका. खेद आणि खिन्न दोन्ही एकाच 'खिद्' धातूचे, दोन्ही संस्कृत. पण मराठीत खेद आता इतका पातळ झालाय की गाडी उशिरा आली तरी लाउडस्पीकर खेद व्यक्त करतो. शिवाय 'खेद आहे' म्हटल्यावर चूक कोणाची हा विषयच मिटतो. ज्याला कबूल काहीच करायचं नाही त्याचा हा आवडता शब्द. होडीवर लाइफ जॅकेटं होती की नव्हती हे मला ठाऊक नाही, पण सोसायटीच्या पत्रात खेद आला की त्या घरच्यांच्या कानाला तो तसाच लागेल. आधी तो काढा.

रोठासुपारी
श्रीवर्धनहून लिहितोय. मास्तरांचं पटलं. मरणाची नाही पण माझी गोष्ट सांगतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारपर्यंत आमची वाडी आडवी झाली. आजोबांच्या वेळची सुपारी. नवं रोप लावलं तर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, आणि बाबांचं वय तेव्हा ७३. पंचनाम्यात 'नुकसान' लिहिलं, ते त्यांचं कामच होतं. मुंबईहून फोन आले, 'खूप हळहळ वाटली.' हळहळ हा बघणाऱ्याचा शब्द आहे हे मला तेव्हा कळलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला हळहळ वाटते. ज्याची वाडी पडली त्याला हळहळ नाही वाटत.

बाबा मागच्या दारी जायचेच बंद झाले. ओटीवर बसायचे, तोंड रस्त्याकडे करून. आई फोनवर मावशीला सांगायची, 'खिन्न बसलेत.' हा शब्द मी घरात त्याआधी कधी ऐकला नव्हता. पण बाबा स्वतः कधी 'मी खिन्न आहे' म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, 'करमत नाही.' खिन्न आणि विषण्ण हे दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचायचे शब्द आहेत, आपल्याच तोंडाने आपल्याला लावायचे नाहीत, असं माझं मत. तेव्हा सोसायटीने 'आम्ही विषण्ण आहोत' लिहू नये.

निवांत_गुहागर
मी गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त होऊन पुण्याहून इथे राहायला आले. पावसाळ्यात फार उदास वाटतं. चार-चार दिवस वीज नाही, समोर नुसतं करडं पाणी. कोणाशी बोलावंसं वाटत नाही. याला उदास म्हणायचं की विषण्ण? तुम्ही शब्दांबद्दल बोलताय म्हणून विचारलं.

सायली_मु
ताई, धाग्याचा विषय थोडा वेगळा आहे, पण विचारलंत ते बरं झालं. उदासला कारण लागत नाही आणि ऊन पडलं की बहुतेक वेळा तो जातो. घर उदास वाटतं, संध्याकाळ उदास वाटते, शब्द तसा हलकाच आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज असंच वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर शब्द शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. ते त्याला नैराश्य म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात. आणि मी वेळणेश्वरला असते, रविवारी येऊ का?

निवांत_गुहागर
भूक आहे हो अजून. या रविवारी, वाट बघते.

निवृत्त_मास्तर
उदास हा शब्द मुळात दुःखाचा नव्हता. तुकोबा म्हणतात, 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी.' इथे उदास म्हणजे अलिप्त, बाजूला बसलेला. पैसा कमवावा आणि त्यात जीव न गुंतवता खर्च करावा. पुढे त्या बाजूला बसण्यातच दुःख मुरलं आणि आजचा अर्थ आला. म्हणून उदास माणूस आक्रोश करत नाही, नुसता जरा लांब जाऊन बसतो.

चाकरमानी_डोंबिवली
माझा प्रश्नही घ्या यात. राजापूरजवळचं आमचं घर २०१९ मध्ये विकलं. चार भाऊ, कोणी जात नव्हतं, कौलं गळत होती. सही मीच केली सगळ्यांच्या वतीने. आता गणपतीला कोणाच्या तरी फोटोत पडवी दिसली की पोटात काहीतरी होतं. दुःख म्हणावं तर लाज वाटते, माणूस तर गेलं नाही. याला काय म्हणू?

रोठासुपारी
रुखरुख?

सायली_मु
रुखरुख मला लहान वाटते. आजीला शेवटचं भेटायला जायचं होतं आणि गाडी चुकली, ती रुखरुख. देवळात नारळ द्यायचा राहिला, ती चुटपुट, चार दिवसांत जाते. दादांची ती खंत आहे. खंतीत आपला हात असतो आणि ती वर्षानुवर्षं राहते.

चाकरमानी_डोंबिवली
खंत. हो. सही माझीच आहे. पण घर विकलं नसतं तर पडलं असतं, हेही खरं आहे.

मालवणी_माणूस
तुमी सगळी शिकलेली माणसां. आमच्या मालवणीत एकच, 'वायट वाटला.' कालवण खारट झाला तरी वायट वाटला, शेजारचो म्हातारो गेलो तरी वायट वाटला. मगे वजन खंय? शब्दात नाय, तेच्या फुडे तो माणूस काय करता तेच्यात. आमचे आजे गेले तेव्हा एक गाबीत येवन खळ्यात बसलो, तासभर काय्येक बोलाक नाय, जाताना लाकडां फोडून गेलो. तेचा वायट वाटणा माका अजून आठवता. फळेवाल्यानू, पत्र कमी लिवा आणि दोन माणसां घराकडे धाडा.

डीटीपी_दादा
हे बाकी खरं. पण सोसायटीला पत्र लागतं, फायलीला.

पुळणीवरची
सगळं वाचलं. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा माझा थोरला भाऊ समुद्रात होता. तो आला नाही. होडीची एक फळी मिळाली, त्याचं काही मिळालं नाही.

तिसऱ्या दिवसापासून लोक समाचाराला यायला लागले. वहिनी चुलीपाशी भात टाकत होती, त्याच्याही वाटणीचा. एका ऑफिसातून एक साहेब आले आणि 'या दुःखद घटनेबद्दल' असं काहीतरी वाचायला लागले. वहिनीने उठून दार लावून घेतलं. गावात बोललं गेलं की बाई उद्धट आहे. उद्धट नव्हती हो. तिच्या लेखी घटना अजून घडलेलीच नव्हती.

फळेवाले दादा, तुम्ही खेद आणि शोक यांतला कुठला जड ते विचारताय. पण तुमच्या पत्रातला सगळ्यात जड शब्द 'कै.' आहे. आणि पत्ता लिहिताना पाकिटावर काय लिहिणार होतात, 'सौ.' की 'श्रीमती'? वहिनीला महिन्याभरात एक कागद 'श्रीमती' म्हणून आला. तेवढी तीन अक्षरं वाचून ती दोन दिवस जेवली नाही. सात वर्षं झाल्यावर कोर्टातून कागद झाला, तोवर ती सौ. लावत होती आणि आम्ही कोणी तिला अडवलं नाही.

बारा वर्षं वाट बघायची असं आमच्याकडे म्हणतात. २०२१ मध्ये भटजींनी पळसाच्या पानांची आकृती करून विधी केले, तिला अग्नी दिला. त्या दिवशी आई मोठ्याने रडली. बारा वर्षांत पहिल्यांदा. तोवर ती काय करत होती त्याला मी शोक म्हणणार नाही.

निवृत्त_मास्तर
ताई, नमस्कार करतो तुम्हाला.

तुम्ही जे सांगितलंत ते नाट्यशास्त्रात भरतमुनींनी वेगळं काढून ठेवलेलं आहे. शाळेत शिकवताना मी त्यावरून भरभर पुढे जायचो. करुण रस आणि विरहाचा शृंगार, दोन्हीत रडणं, सुकणं, जागरण सारखंच दिसतं. मग फरक काय? भरत सांगतो, करुण 'निरपेक्ष' आहे, तिथे परत भेटीची आशा उरलेली नसते. विरह 'सापेक्ष' आहे, आशा असते. आणि शोक हा करुणाचा स्थायीभाव आहे. म्हणजे शोक हा काही दुःखाचा मोठा आकार नव्हे. आशा संपल्यावरच त्याची सुरुवात होते.

मी परवा पत्रातून फक्त 'खेद' काढायला सांगितलं, ते अपुरं होतं. 'शोक' त्याहून वाईट झाला असता. शोक लिहिणं म्हणजे त्या बाईच्या वतीने आपण आशा सोडून देणं. तो अधिकार सोसायटीला नाही.

सह्याद्रीचा_पायथा
मग लिहायचं तरी काय? 'आम्ही आशा करतो की' हेही खोटंच आहे. अकरा दिवस म्हणजे... बंदरावरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. खोटी आशा देणं बरं का?

पुळणीवरची
नाही, तेही नको. 'येईल हो परत' म्हणणाऱ्यांचा आम्हाला जास्त त्रास झाला. त्यांच्या डोळ्यांत दिसायचं की त्यांना तसं वाटत नाहीये.

रोठासुपारी
आईला विचारलं आत्ता. ती म्हणाली, 'त्यात विचारायचं काय, जिवाला घोर लागलाय म्हणावं.'

निवृत्त_मास्तर
घोर! मास्तरकीत ४० वर्षं गेली आणि हा शब्द आठवू नये. घोर लागतो तो अजून घरी न आलेल्या माणसाचा. त्यात आशा आहे आणि भीतीही आहे, आणि दोन्हींतली कुठली जास्त हे तो सांगत नाही. काळजीपेक्षा खोल आहे, आणि पुढे काय होणार हे ठरवून टाकत नाही. शिवाय बोलीतला आहे, त्या माउलीला कोणाकडून समजावून घ्यावा लागणार नाही.

सायली_मु
मला एक खटकतंय. घोर त्यांना लागलाय. सोसायटीने 'आम्हालाही घोर लागलाय' म्हटलं तर ते पुन्हा 'दुःखात सहभागी' सारखंच होईल. जो रात्री घरी जाऊन झोपतो त्याने तेवढं मोठं बोलू नये.

फळा_आणि_खडू
सायलीताई, हो. मी तोच घोळ घालणार होतो.

रात्री बसून नव्याने लिहिलं. वाचा आणि सांगा.

'सौ. … वहिनी आणि आई यांस,
तुमच्या जिवाला किती घोर लागला आहे ते आम्ही रोज बघतो. शोध थांबवलेला नाही. पावसाळ्यात पाणी दक्षिणेकडे ओढतं, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी दोन होड्या जयगडपर्यंत किनाऱ्या-किनाऱ्याने जाऊन येतील. काही कळलं तर रात्री-अपरात्रीही येऊन सांगू. काही कळलं नाही, तरी त्या दिवशी संध्याकाळी दोघं जण येऊन तेवढं सांगून जातील. धान्य आणि मुलीच्या शाळेचं सोसायटी बघते आहे, त्यासाठी तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.'

यात दुःख, खेद, शोक यांपैकी एकही शब्द राहिला नाही. चेअरमन म्हणाले, कोरडं वाटतं, शेवटी निदान 'आपले शोकाकुल' तरी टाका. मी म्हटलं, 'आपले' पुरे.

डीटीपी_दादा
मलाही थोडं कोरडं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ताईंनी जे लिहिलंय ते वाचल्यावर माझं मत मी बाजूला ठेवतो. दुकानात 'शोकाकुल' कोण लिहून मागतंय आणि कशाबद्दल, हे यापुढे आधी विचारीन.

पुळणीवरची
'काही कळलं नाही तरी येऊन सांगू' हे राहू द्या, कोणी काढायला सांगितलं तरी काढू नका. आमच्याकडे पहिले आठ दिवस लोक आले आणि मग एक दिवस कोणीच आलं नाही. तो दिवस मला भाऊ गेल्या दिवसापेक्षा जास्त लख्ख आठवतो.

एक सुचवते. पत्र पोस्टाने किंवा पोराच्या हाती पाठवू नका. आणि फळ्यावर काही लिहू नका अजून.

सह्याद्रीचा_पायथा
फळ्यावर कधी लिहायचं मग? सात वर्षांनी? बारा? मला खरंच कळत नाहीये. कुठल्या तरी दिवशी गावाला दुखवटा पाळायचा असेल ना. बाकीच्या पाच जणांनाही रडायचं असेल.

निवृत्त_मास्तर
याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते पाच जण आणि ती वहिनी, दोघांची वेळ एक असेलच असं नाही. पाच जणांनी पाण्यात पाहिलंय, त्यांचा शोक सुरूही झाला असेल. त्यांना कोणी तरी जाऊन भेटलंय का?

फळा_आणि_खडू
नाही भेटलं कोणी. वाचलेत म्हणून सगळे त्यांना नशीबवान म्हणताहेत. तांडेल तेव्हापासून जेटीवर आलेला नाही. उद्या जातो त्याच्याकडे.

फळा_आणि_खडू
(सोमवार रात्र) पत्र दिलं. मी आणि सोसायटीतले एक काका, दोघं गेलो. ओटीवर बसून मीच वाचून दाखवलं. आईंनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. वहिनी आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन एवढंच विचारलं, 'मंगळवारी होड्या किती वाजता परत येतात?' साडेपाच-सहा म्हटलं. पाकीट घेतलं त्यांनी, वरचं नाव वाचलं आणि कपाटात ठेवलं.

तांडेलाकडेही जाऊन आलो. तो काही बोलला नाही. मालवणी दादांचं आठवून मीही बोललो नाही, त्याचं जाळं शिवायला घेऊन बसलो तासभर.

मालवणी_माणूस
बरा केलास. देवगड, आचरा, तळाशील, सगळीकडच्या रापणवाल्यांका सांगून ठेवलंय. तेच्या आंगावर कपडे खंयचे होते, कायतरी खूण, ता तेवढा माका कळव.